सर्वांसाठी लावलेला प्रोग्राम एकाच खात्यात का सुरू होतो? (विंडोज १०, स्टार्टअप फोल्डर)

खानापूरची_वाचनालयिका

नमस्कार. खानापूर तालुक्यातील आमच्या गावच्या वाचनालयात एकच संगणक आहे आणि त्यावर तीन खाती आहेत. एक खाते व्यवस्थापकांचे असून प्रशासकाचे अधिकार फक्त त्यालाच आहेत. दुसरे सकाळच्या पाळीचे आणि तिसरे संध्याकाळच्या पाळीचे, म्हणजे माझे. ही दोन्ही साधी खाती आहेत. पुस्तकांच्या पाठीवर चिकटवायच्या चिठ्ठ्या आम्ही मराठीत आणि कन्नडमध्ये छापतो, त्यासाठी दोन्ही लिप्यांचा कळफलक देणारा एक छोटा प्रोग्राम वापरतो. त्याच्या फाइलचे नाव `Lekhan.exe` आहे.

तो मीच माझ्या खात्यात बसून बसवला. बसवताना मध्येच पडदा काळवंडला आणि प्रशासकाचा पासवर्ड मागितला गेला. व्यवस्थापक काकांनी येऊन तो टाकला. शेवटच्या पानावर साइन इन करताच सुरू करण्याची खूण होती, ती मी केली. दुसऱ्या दिवसापासून काकांनी साइन इन केले की प्रोग्राम आपोआप सुरू होतो, पण ज्या खात्यात तो बसवला त्या माझ्या खात्यात मात्र होत नाही, आणि सकाळच्या ताईंच्या खात्यातही नाही. मग एका ओळखीच्या मुलाने काकांच्या खात्यातून सर्वांसाठीच्या स्टार्टअप फोल्डरात त्याचा शॉर्टकट टाकून दिला. तरीही आम्हा दोघींकडे काही घडत नाही आणि काकांकडे आता घड्याळाजवळ एकाच प्रोग्रामची दोन चिन्हे दिसतात. नेमके काय चुकले आहे, हे समजून घ्यायचे आहे.

---

चिकोडी_मास्तर

ताई, संगणक सुरू व्हायला वेळ लागत असेल तर टास्क मॅनेजर उघडून स्टार्टअपच्या यादीतले अनावश्यक प्रोग्राम बंद करावेत. आमच्या शाळेतल्या संगणकावर असे अकरा प्रोग्राम होते. ते बंद केल्यावर पडदा लवकर हाती येऊ लागला.

---

खानापूरची_वाचनालयिका

मास्तर, आभार, पण माझी अडचण उलटी आहे. मला प्रोग्राम बंद करायचा नसून तिन्ही खात्यांत सुरू करायचा आहे.

---

निपाणीकर

सर्वांसाठीचा फोल्डर वापरायचा ठरवलेत ते योग्यच केले. एकाच व्यक्तीसाठीचा फोल्डर त्या व्यक्तीने साइन इन केल्यावर चालतो आणि सर्वांसाठीचा फोल्डर संगणक चालू होताच, कोणी साइन इन करण्याच्या आधीच चालतो. त्यामुळे तिथे टाकलेला प्रोग्राम सगळ्यांना मिळतो. आपल्याकडे तो मिळत नाही याचा अर्थ त्याला अधिकार कमी पडत आहेत. शॉर्टकटच्या `Properties` मध्ये `Advanced` दाबून `Run as administrator` ही खूण करावी, म्हणजे काम होईल.

---

टिळकवाडी_दुरुस्ती

निपाणीकरांनी सुचवलेला फोल्डर बरोबर आहे, पण त्यामागचे कारण तसे नाही आणि ती खूण तर कृपया करू नये. आधी तेवढे सांगतो, मग ताईंच्या मूळ प्रश्नाकडे येतो.

दोन्ही स्टार्टअप फोल्डर साइन इन केल्यानंतरच वाचले जातात. पासवर्ड टाकल्यावर जो डेस्कटॉप आणि टास्कबार उभा राहतो, तोच हे फोल्डर उघडून त्यातील एकेक शॉर्टकट चालवतो. सर्वांसाठीचा फोल्डर हा सर्वांसाठी एकदाच चालणारा नाही. जो जो साइन इन करील त्याच्यासाठी, त्याच्या नावाने आणि त्याच्याच अधिकारांनिशी तो पुन्हा चालतो. रात्री वीज जाऊन आली, संगणक आपोआप सुरू झाला आणि पासवर्डच्या पडद्यावर थांबून राहिला, तर दोन्ही फोल्डरांतले काहीही चालत नाही. कोणी नसतानाही जे चालायला हवे त्यासाठी हे फोल्डर मुळातच नाहीत.

`Run as administrator` ही खूण केलेला शॉर्टकट स्टार्टअप फोल्डरात ठेवला, तर साइन इन होताना विंडोज तो सहसा चालवतच नाही. अधिकार मागणारा प्रोग्राम वापरणाऱ्याने हात न लावता उठू नये, असा त्यामागचा हेतू आहे. खरोखरच अधिकार लागणाऱ्या प्रोग्रामसाठी टास्क शेड्यूलर वापरावा लागतो. कळफलकाच्या प्रोग्रामला असे अधिकार बहुधा लागत नाहीत.

आता ताई, दोन गोष्टी पाहून सांगाव्यात. विंडोजची कळ आणि R एकत्र दाबली की जी चौकट येते, तिच्यात पुढच्या दोन ओळी एकेक करून टाकाव्यात. पहिली ओळ त्या वेळी साइन इन असलेल्या व्यक्तीचा फोल्डर उघडते, दुसरी सर्वांसाठीचा.

```
shell:startup
shell:common startup
```

पहिली ओळ आपल्या खात्यातून आणि काकांच्या खात्यातून अशी दोनदा पाहावी. दुसऱ्या फोल्डरातल्या शॉर्टकटवर उजवी कळ दाबून `Properties` मधल्या `Target` या चौकटीत काय लिहिले आहे ते जसेच्या तसे इथे द्यावे. माझा अंदाज आहे, पण तो मी `Target` पाहिल्यावरच सांगेन.

---

संकेश्वरची_लेखनिक

विषय स्टार्टअप फोल्डरचाच आहे म्हणून माझीही अडचण मांडते. गेल्या महिन्यापासून मी साइन इन केले की नोटपॅडच्या दोन खिडक्या आपोआप उघडतात आणि दोन्हींत असा मजकूर असतो:

```
[.ShellClassInfo]
LocalizedResourceName=@%SystemRoot%\system32\shell32.dll,-21787
```

हा व्हायरस आहे असे आमच्या कार्यालयातल्या एकांनी सांगितले, त्यामुळे मी घाबरून गेले आहे.

---

टिळकवाडी_दुरुस्ती

हा व्हायरस नाही, घाबरू नये. प्रत्येक स्टार्टअप फोल्डरात `desktop.ini` नावाची एक लपलेली फाइल असते आणि फोल्डरचे नाव कोणत्या भाषेत दाखवायचे हे ती सांगते. ती लपलेली आणि यंत्रणेची अशी दोन्ही खुणांची असते, म्हणून साइन इन होताना तिला कोणी चालवत नाही. या खुणा पुसल्या गेल्या की ती फोल्डरातल्या इतर कोणत्याही फाइलीसारखी उघडली जाते, आणि मजकुराची फाइल असल्यामुळे ती नोटपॅडमध्ये दिसते. खिडक्या दोन उघडतात यावरून आपल्या फोल्डरातली आणि सर्वांसाठीच्या फोल्डरातली, अशा दोन्ही फाइलींच्या खुणा गेलेल्या दिसतात. खुणा परत लावण्यासाठी साध्या कमांडच्या खिडकीत ही पहिली ओळ चालवावी:

```
attrib +s +h "%APPDATA%\Microsoft\Windows\Start Menu\Programs\Startup\desktop.ini"
```

दुसरी फाइल `%ProgramData%` मध्ये असल्याने तीच ओळ `%APPDATA%` च्या जागी `%ProgramData%` लिहून, पण प्रशासकाच्या अधिकाराने उघडलेल्या खिडकीत चालवावी लागेल. एखाद्याने फोल्डर दुसरीकडे उतरवून परत आणले असतील तर खुणा अशा जाऊ शकतात. आपल्याकडे तसेच घडले का, हे मला इथून सांगता येणार नाही.

---

खानापूरची_वाचनालयिका

आज काकांना बसवून घेऊन सगळे पाहिले. माझ्या खात्यात पहिल्या ओळीने उघडलेला फोल्डर रिकामा आहे. सकाळच्या ताईंचाही रिकामा आहे. काकांच्या खात्यातल्या फोल्डरात `Lekhan` हा शॉर्टकट आहे. सर्वांसाठीच्या फोल्डरातही त्याच नावाचा शॉर्टकट असून त्याच्या `Target` मध्ये हे आहे:

```
C:\Users\Vyavasthapak\AppData\Local\Lekhan\Lekhan.exe
```

माझ्या खात्यातून या शॉर्टकटवर दोनदा टिचकी मारली तर परवानगी नसल्याचा संदेश येतो. काका टिचकी मारतात तेव्हा प्रोग्राम व्यवस्थित उघडतो. बसवताना काका शेजारी उभे होते, पण संगणकासमोर मी बसले होते आणि खाते माझे उघडे होते. मग सगळे काकांच्या घरात कसे गेले, हे मला अजून कळत नाही.

---

टिळकवाडी_दुरुस्ती

ताईंनी फार नेमकी माहिती दिली, त्यामुळे आता अंदाजाची गरज उरली नाही. `Target` मध्ये `Users\Vyavasthapak` हे शब्द दिसतात, सगळा उलगडा त्यातच आहे.

पडदा काळवंडून पासवर्ड मागितला जातो, तेव्हा आपल्या खात्याला तात्पुरते जास्त अधिकार मिळतात असे पुष्कळांना वाटते. आपले खाते प्रशासकाचे असते तर ते खरे ठरले असते. साध्या खात्यातून मात्र तसे होत नाही: ज्याचा पासवर्ड टाकला जातो, तो प्रोग्राम त्या माणसाच्या नावाने चालू लागतो. काकांनी पासवर्ड टाकला त्या क्षणापासून बसवणारा प्रोग्राम काका झाला. पडदा आपलाच, खुर्चीवर आपणच, पण त्या प्रोग्रामच्या दृष्टीने 'मी' म्हणजे `Vyavasthapak`. त्यामुळे 'माझ्या' फोल्डरात बसव, 'माझ्या' स्टार्टअपमध्ये शॉर्टकट ठेव, या दोन्ही सूचना त्याने काकांच्या घरात पाळल्या. हे आपल्या डोळ्यांनी पाहायचे असेल तर आपल्या खात्यातून कमांडची खिडकी प्रशासक म्हणून उघडावी, काकांना पासवर्ड टाकू द्यावा आणि ही ओळ चालवावी:

```
whoami
```

उत्तरात आपले नाव येणार नाही, काकांचे येईल. त्याच खिडकीत `%APPDATA%` हे नावही काकांच्या फोल्डराकडे बोट दाखवते. अशा खिडकीतून 'माझ्या' स्टार्टअप फोल्डरात शॉर्टकट ठेवायला गेलेले अनेक जण तो अजाणता दुसऱ्याच्या फोल्डरात ठेवून येतात आणि मग दिवसभर शोधत बसतात.

त्या मुलाने सर्वांसाठीच्या फोल्डरात शॉर्टकट टाकला, हे पाऊल बरोबर होते. परंतु शॉर्टकट म्हणजे केवळ पत्ता लिहिलेली चिठ्ठी. चिठ्ठी त्याने चावडीवर लावली, सगळ्यांना वाचता येईल अशी, पण तिच्यावरचा पत्ता काकांच्या आतल्या खोलीचा आहे आणि साध्या खात्याला दुसऱ्याच्या `C:\Users` मधल्या खोलीत शिरता येत नाही. आपण दोघी साइन इन करता तेव्हा विंडोज ती चिठ्ठी इमानाने वाचते, दार बंद असल्याने परत फिरते, आणि तेही बहुतेक वेळा कोणाला न सांगता. काकांकडे दोन चिन्हे दिसतात, कारण त्यांच्यासाठी दोन्ही फोल्डर चालतात आणि दोन्हींत तोच शॉर्टकट आहे. नाव एकच असले तरी विंडोज त्यातला एक वगळत नाही.

उपाय असा की आधी प्रोग्रामच सामाईक जागी न्यावा आणि मग चिठ्ठी लिहावी. काकांच्या खात्यातून जुना प्रोग्राम काढून टाकावा. पुन्हा बसवताना सर्व वापरकर्त्यांसाठी असा पर्याय असेल तर तो निवडावा. पर्याय नसेल पण जागा बदलू देत असेल तर `C:\Program Files\Lekhan` ही जागा द्यावी. त्यानंतर दोन्ही फोल्डरांत जुना शॉर्टकट उरला आहे का ते पाहून काढावा, कारण हाताने टाकलेला शॉर्टकट प्रोग्राम काढल्यावर आपोआप जात नाही. मग नव्या `Lekhan.exe` चा शॉर्टकट सर्वांसाठीच्या फोल्डरात ठेवावा.

हे करताना एक अडथळा येतो, तो आधीच सांगून ठेवतो. त्या फोल्डरात थेट नवा शॉर्टकट बनवता येत नाही. तो डेस्कटॉपवर बनवू का, असे विंडोज विचारते. होकार द्यावा आणि डेस्कटॉपवर बनलेला शॉर्टकट कापून त्या फोल्डरात चिकटवावा. प्रशासकाची परवानगी मागितली जाईल, ती द्यावी. तपासणी आपल्याच खात्यातून करावी: आधी त्या शॉर्टकटवर हाताने टिचकी मारून प्रोग्राम उघडतो का ते पाहावे, आणि मगच साइन आउट करून पुन्हा साइन इन करावे. हाताने जो उघडत नाही तो आपोआपही उघडणार नाही.

---

निपाणीकर

माझी समजूत चुकीची होती हे मान्य करतो. पण मग प्रोग्राम हलवण्याचा एवढा खटाटोप कशासाठी? काकांच्या `Lekhan` फोल्डरावर सर्वांना वाचण्याची परवानगी दिली तरी दार उघडेल. आमच्या दुकानात मी एका फोल्डरासाठी तसे केले आहे आणि ते चालते.

---

टिळकवाडी_दुरुस्ती

चालेल, ते नाकारत नाही. तरीही मी तसे करणार नाही. उद्या काका निवृत्त झाले आणि नव्या व्यवस्थापकांनी त्यांचे खाते काढून टाकले, तर विंडोज त्या खात्याच्या फायलीही पुसण्याचा पर्याय देते. तो निवडला की `Lekhan.exe` त्यांच्याबरोबर जाईल आणि दोन्ही पाळ्यांचा कळफलक एका सकाळी नाहीसा होईल. दुसरे असे की फोल्डरात लिहिण्याची परवानगी चुकून दिली गेली, तर साध्या खात्यातला कोणीही ती फाइल बदलू शकेल, आणि ती बदललेली फाइल काकांच्या साइन इनला काकांच्या नावाने चालेल. सर्वांसाठी चालणारी गोष्ट सर्वांना बदलता येईल अशा जागी असू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

---

खानापूरची_वाचनालयिका

`whoami` चालवून पाहिले. माझ्या खात्यात बसून काकांचे नाव उमटलेले पाहिले तेव्हा सगळे लख्ख कळले. काकांनाही दाखवले.

आपण सांगितल्याप्रमाणे प्रोग्राम काढला आणि `C:\Program Files\Lekhan` मध्ये बसवला. शेवटच्या पानावरची साइन इनची खूण या वेळी काढून टाकली, नाहीतर काकांच्या फोल्डरात पुन्हा शॉर्टकट गेला असता. सर्वांसाठीच्या फोल्डरात मुलाने टाकलेला जुना शॉर्टकट खरोखरच तसाच उरला होता, तो हटवून त्याच नावाचा नवा ठेवला. आता माझ्याकडे प्रोग्राम आपोआप सुरू होतो आणि काकांकडे एकच चिन्ह दिसते.

मात्र दोन गोष्टी राहिल्या. सकाळच्या ताईंकडे हाताने टिचकी मारली की प्रोग्राम उघडतो, पण साइन इन केल्यावर आपोआप उघडत नाही. आणि माझ्याकडे मी कन्नडचा कळफलक निवडून ठेवला तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा मराठीच निवडलेला असतो. आधी काकांकडे असे होत नव्हते.

---

चिकोडी_मास्तर

सकाळच्या ताईंच्या टास्क मॅनेजरमधली स्टार्टअपची यादी एकदा पाहावी. माझे पहिले उत्तर आपल्या उपयोगाचे नव्हते, पण ती यादी इथे उपयोगी पडेल असे वाटते. मी बंद केलेला एक प्रोग्राम नंतर हवा झाला, तेव्हा शॉर्टकट नव्याने ठेवूनही तो चालेना. यादीत त्याच्यासमोर `Disabled` असे लिहिलेलेच राहिले होते.

---

टिळकवाडी_दुरुस्ती

मास्तरांनी नेमके बोट ठेवले. त्या यादीत बंद केलेला शॉर्टकट फोल्डरातून हलत नाही. तो चालवायचा नाही एवढी नोंद रजिस्ट्रीत वेगळी होते आणि ती शॉर्टकटच्या फाइलच्या नावावर असते. म्हणून त्याच नावाचा नवा शॉर्टकट ठेवला तरी जुनी नोंद त्याला लागू पडू शकते. ताईंच्या यादीत `Lekhan` समोर `Disabled` असेल तर त्यावर उजवी कळ दाबून `Enable` करावे. यादीच्या मथळ्यावर उजवी कळ दाबून `Startup type` आणि `Command line` हे रकानेही दाखवावेत. प्रोग्राम फोल्डरातून येतो की रजिस्ट्रीतून आणि कोणत्या जागेवरून येतो, हे त्यांत दिसते.

कळफलकाची निवड टिकत नाही, त्याबद्दल मला संशय येतो तो असा: हा प्रोग्राम आपली निवड `Lekhan.exe` च्या शेजारच्या एखाद्या फाइलीत लिहीत असावा. काकांच्या खोलीत त्याला लिहिता येत होते, `Program Files` मध्ये साध्या खात्याला लिहिता येत नाही. त्या फोल्डरात `.ini` फाइल आहे का आणि तिच्यावर कोणती तारीख आहे, ते पाहावे.

---

निपाणीकर

तसे असेल तर त्या एका `.ini` फाइलीवर सर्वांना लिहिण्याची परवानगी द्यावीच लागेल. म्हणजे शेवटी परवानगीशिवाय काम झाले नाहीच.

---

टिळकवाडी_दुरुस्ती

एका निवडीच्या फाइलीवर लिहू देणे आणि चालणाऱ्या `.exe` वर लिहू देणे यांत मोठे अंतर आहे. पण त्या फाइलीला परवानगी दिली तर तिघांची निवड एकच होईल: ताईंनी संध्याकाळी कन्नड निवडला की सकाळी दुसऱ्या ताईंनाही कन्नडच मिळेल. त्यामुळे परवानगी देण्यापूर्वी मी प्रोग्राममध्येच निवड प्रत्येक खात्यात वेगळी ठेवण्याची सोय आहे का, ते शोधीन.

---

खानापूरची_वाचनालयिका

सकाळच्या ताईंच्या यादीत `Lekhan` समोर `Disabled` असेच लिहिलेले होते. पूर्वी एकदा परवानगीचा संदेश पाहून कंटाळून आपणच ते बंद केले असावे, असे त्या म्हणाल्या. `Enable` केल्यावर आज सकाळी प्रोग्राम आपोआप सुरू झाला.

`C:\Program Files\Lekhan` मध्ये `settings.ini` आहे आणि तिच्यावर बसवले त्या दिवसाचीच तारीख आहे, म्हणजे त्यानंतर तिच्यात कोणी काही लिहिलेले नाही. प्रत्येकाची निवड वेगळी ठेवण्याचा पर्याय प्रोग्राममध्ये मला सापडला नाही. काकांशी बोलले, पण सकाळी मराठीची पुस्तके अधिक येतात आणि संध्याकाळी कन्नडची, त्यामुळे एकच निवड सर्वांना लागू करणे आम्हा दोघींनाही सोयीचे नाही. तूर्त मी रोज साइन इन केल्यावर हाताने कन्नड निवडते. हा प्रोग्राम वापरणाऱ्या कोणाला दुसरा मार्ग ठाऊक असेल तर कृपया इथे लिहावे.